पहिले हप्ते वेळेवर आले, तरी थांबून हिशेब करा

तुमच्या मावसभावाने सुचवलेल्या योजनेत एक लाख रुपये भरल्यास दरमहा आठ हजार मिळणार, म्हणजे वर्षाला 96 टक्के. सुरुवातीला बहुतेकांची चूक एकच होते: हप्ते वेळेवर येतात, म्हणून योजना खरी मानली जाते. सहा हप्ते मिळाले तरी हाती 48,000 रुपयेच आलेले असतात आणि मुद्दलातले 52,000 अजून त्यांच्याकडेच असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी अशाच एका योजनेत सहाव्या हप्त्यानंतर पाटल्या मोडून आणखी तीन लाख भरले; आठव्या महिन्यात त्या योजनेच्या कार्यालयाला कुलूप होते.

पैसे देण्याआधी एवढे अवश्य करा:

- ठेवी घेण्याची परवानगी कोणाची आहे, हे विचारा. कंपनी नोंदणीचा दाखला किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे ती परवानगी नव्हे, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात ते नेमके हेच कागद.
- सांगितलेले नाव रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर (sachet.rbi.org.in) आणि सेबीच्या यादीत स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून नको.
- उद्यापासून एकही नवा सभासद आला नाही, तर माझा हप्ता कोठून येईल, असे विचारा. उत्तरात विकला जाणारा माल किंवा सेवा नसेल, तर पैसे देऊ नका.

मावसभावावर रागावू नका. बहुधा त्याचेही पैसे त्यात अडकलेले असतील. रक्कम आधीच भरली असेल, तर पावत्या व बँकेचे उतारे घेऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे लगेच जा.