नुसताच आकाशाचा फोटो आला, तर काय कळवायचं?

प्रश्न: ट्रेकच्या ग्रुपमधल्या एकाने रात्रीच्या आकाशाचा फोटो पाठवलाय, सोबत एक अक्षर नाही. तारे ओळखून हवेत, कॅमेऱ्याची सेटिंग विचारतोय की कॅप्शन हवंय?

उत्तर: आधी फोटो कसा आलाय ते बघा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की शटर, आयएसओ वगैरे नोंदी गळून जातात; डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. मुद्दाम डॉक्युमेंट पाठवलं असेल, तर बहुधा सेटिंगबद्दलच बोलायचं असतं. एकच ठळक ठिपका कापून मोठा केलेला असेल, तर "हे काय आहे?" एवढंच विचारायचंय. तंबू किंवा बुरुज पुढे घेऊन नीट चौकट साधली असेल, तर तो फोटो स्टेटसला जाणार; तिथे कॅप्शन सुचवा.

काहीच अंदाज येत नसेल तर ताऱ्यांची ओळख सांगून सुरुवात करा. ती कुणाला खटकत नाही. न मागता सेटिंग सांगितली की चूक काढल्यासारखी वाटते. समजा, फोटो जानेवारीतल्या रात्री नऊचा आहे. एका रेषेत सारख्या अंतरावर तीन तारे दिसले, तर तो मृगाच्या पोटातला बाण. ही रेष एकीकडे वाढवली की सगळ्यात तेजस्वी व्याध लागतो, दुसरीकडे तांबूस रोहिणी. बाणाच्या एका अंगाला केशरी काक्षी, दुसऱ्या अंगाला निळसर पांढरा राजन्य. फोन आडवा धरला होता की तिरका, याने काही बिघडत नाही. आकृती जुळत नसेल तर फोटो nova.astrometry.net वर टाका. ताऱ्यांच्या मांडणीवरून ते आकाशाचा भाग शोधतं, तारीख लागत नाही. मात्र आकृतीत न बसणारा जास्तीचा ठळक ठिपका ग्रह असू शकतो, आणि तो कोणता हे तारखेशिवाय ठरवू नका.

सेटिंगबद्दल बोलायची वेळ आलीच, तर तारे मोठे करून बघा. झाड रेखीव आणि तारे मात्र छोट्या रेघा झालेले असतील, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं. ५०० ला लेन्सच्या फुल फ्रेम मिलिमीटरने भागा: २४ मिमीला साधारण २० सेकंद. हल्लीच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यातही रेघ दिसते, म्हणून मी १०-१२ सेकंदच सांगतो. झाडासकट सगळं एकसारखं वेडंवाकडं झालं असेल, तर ट्रायपॉड हलला. दोन सेकंदांचा टायमर लावायला सांगा. तारे गोल टिकल्यांसारखे फुगले असतील तर फोकस चुकलाय: मॅन्युअलवर जाऊन, स्क्रीनवर ठळक तारा मोठा करून, तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवायची.

आज एवढंच लिहा: "मृग आणि व्याध मस्त आलेत. कधी, कुठून काढलास?" कसा काढला हे तो आपणहून सांगू लागला, की सेटिंगचं बोला.