उंच कमानीच्या, बाहेर कलणाऱ्या पायांना मोशन कंट्रोलचे बूट चालतील का?

प्रश्न: माझ्या तळपायाची कमान उंच आहे आणि चालताना पाय बाहेरच्या बाजूला कलतात. नाशिकला कॉलेज रोडवर एका दुकानात मोशन कंट्रोलचे बूट दाखवले, "पाय सरळ धरून ठेवतील" म्हणाले. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. ते बूट बरोबर उलट तक्रारीच्या पायासाठी असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि असे चुकीचे बूट घालून आलेले पाय मला नेहमी दिसतात.

मोशन कंट्रोलच्या बुटात आतल्या कडेला, कमानीच्या बाजूने, जास्त कडक फोम बसवलेला असतो. सपाट पाय आत कोसळतो, त्याला हा टेकू. तुमचा पाय आत कोसळतच नाही. त्याला आतून टेकू दिला की तो आणखी बाहेर ढकलला जातो, आणि घोटा मुरगळायला तेवढंच निमित्त पुरतं.

तुम्हाला हवेत ते मऊ आणि आतून टेकू नसलेले, म्हणजे न्यूट्रल बूट. आता मऊपणा का हवा ते. टाच टेकली की सर्वसाधारण पाय जरासा आत वळतो. त्या वळण्याने मधल्या पायाचे सांधे सैल होतात, कमान थोडी खाली बसते आणि धक्का पसरतो. पुढे पाय उचलताना तेच सांधे पुन्हा घट्ट होतात. उंच कमानीचा ताठ पाय बहुतेक वेळ त्या घट्ट अवस्थेतच राहतो. शिवाय जमिनीला टेकतात त्या फक्त टाच, चवडा आणि बाहेरची कड. म्हणजे जागा कमी, भार तेवढाच, आणि धक्का थेट नडगीकडे. सांध्याने करायचं काम मग बुटाच्या फोमला करावं लागतं.

पण ताठपणा किती, हे आधी बघा. बसून आणि उभं राहून कमानीची उंची पाहा. उभं राहिल्यावर ती बरीच खाली येत असेल तर पाय लवचीक आहे, फार काळजी नको. दोन्ही वेळी सारखीच दिसली तर ताठ.

एक उदाहरण सांगतो. अंबड एमआयडीसीत दिवसभर काँक्रीटवर उभे राहणारे एक गृहस्थ, सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळायचे. बाहेरच्या घोट्यामागे दुखायचं, पाय वरचेवर मुरगळायचा. करंगळीच्या आणि अंगठ्याच्या बुडाखाली घट्टे होते. बूट आतून टेकू देणारे. त्यांना मी साधारण अडीच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर उभं केलं. टाच आणि पायाची बाहेरची कड ठोकळ्यावर, अंगठ्याचा भाग कडेवरून खाली सोडलेला. मागून पाहिलं तर कललेली टाच चक्क सरळ झाली! म्हणजे टाचेचा सांधा अजून हलत होता. अंगठ्यामागचं लांब हाड खाली झुकलेलं होतं, म्हणून पाय बाहेर कलंडत होता, तिवईचा एक पाय लांब झाल्यावर ती कलंडते तसा. त्यांच्या सुखतळ्यात अंगठ्याच्या बुडाखाली खोलगट जागा करून घेतली आणि चवड्याच्या बाहेरच्या कडेखाली पातळ पाचर दिली. जोडीला मऊ न्यूट्रल बूट, आणि पाय रबरी पट्ट्याविरुद्ध बाहेर ढकलण्याचा व्यायाम. काही आठवड्यांत मुरगळणं थांबलं. टाच सरळ झालीच नसती तर नुसत्या सुखतळ्यावर एवढी भिस्त ठेवली नसती.

दुकानात 'न्यूट्रल' मागा. असिक्सचा निंबस किंवा ब्रुक्सचा घोस्ट या जातीचे. त्याच कंपन्यांचे कायानो आणि अॅड्रिनलिन मात्र आतून आधार देणारे. सोलच्या दोन्ही कडा अंगठ्याने दाबा, आतली कड जास्त कडक लागली तर बूट परत ठेवा. अगदी लुसलुशीत, उंच आणि अरुंद तळाचाही नको, त्यावर घोटा डुगडुगतो. तळ रुंद हवा. पायाचा वरचा उंचवटा दाबला जात असेल तर तिथल्या भोकांतून लेस आडवी ओवू नका, सरळ वर न्या.

जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली पाहून मात्र निष्कर्ष काढू नका, ती बहुतेकांची तशीच झिजते. करंगळीखालचा चवडा झिजलाय का, आणि टेबलावर ठेवून मागून पाहिल्यास बूट बाहेर झुकलाय का, ते बघा. अमेरिकी सैन्यात नुसती कमान पाहून बूट वाटून पाहिले, तर दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून दुकानात दहा पावलं पळून बघा; पायाला बरं वाटतंय की नाही, यालाही वजन द्या.

कमान एकाच पायाची उंच असेल, अलीकडे वाढत असेल, किंवा पाय बधिर होणं, ठेचकाळणं, पोटऱ्या बारीक होणं यातलं काही असेल, तर बूट बाजूला ठेवून न्यूरोलॉजिस्टला दाखवा. नसांच्या किंवा मणक्याच्या आजारातही पाय असा होतो.