आई-बाबांसाठी पाणी बंद करायचा कागद: आमच्या घरी तो कसा चुकला आणि कसा दुरुस्त झाला

प्रश्न: "आई-बाबा (७१ आणि ७६) नाशिकला फ्लॅटमध्ये दोघंच असतात, मी बंगळुरूला. पाइप फुटला तर मेन कॉक कुठे आहे आणि काय करायचं हे एका कागदावर लिहून भिंतीला लावायचं आहे. काय काय लिहू? कुणी असं केलंय का?"

मी केलंय, आणि पहिल्यांदा चुकीचं केलंय. तेव्हा आधी चूक सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून जाऊन आई-बाबांच्या घरी सुंदर कागद चिकटवून आलो होतो. "पाणी गळत असेल तर स्वयंपाकघरातला मेन व्हॉल्व्ह बंद करा." पुढच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला मागच्या बाथरूममधल्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप नटाजवळ तुटला. बाबांनी कागद वाचला आणि ओट्याखालचा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी तसंच. मग त्यांना वाटलं नीट बंद झाला नसेल, म्हणून पकड घेऊन आवळला. पाणी तरीही तसंच. पाऊण तासाने वॉचमन गच्चीवर गेला, तोवर पाणी हॉलमधल्या सोफ्याखाली पोचलं होतं.

कारण साधं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत फ्लॅटला एकच मेन कॉक नसतोच. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक डक्टमधून वेगळी लाइन खाली येते. स्वयंपाकघराची एक, पुढच्या बाथरूमची एक, मागच्याची एक. प्रत्येक लाइन घरात शिरते तिथे तिचा स्वतःचा व्हॉल्व्ह. काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याची लाइन आणखी वेगळी, आणि सोलर असेल तर गरम पाण्याची लाइनही गच्चीवरून वेगळीच उतरते. म्हणजे थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून सुद्धा सोलरचं गरम पाणी वाहत राहू शकतं. आमच्या घरी अशा चार लाइनी निघाल्या. बाबा बावीस वर्षं त्या घरात राहतात, त्यांनाही दोनच माहीत होत्या.

म्हणून कागद लिहायच्या आधी एक सकाळ खर्च करा. टाकी भरलेली असताना एक व्हॉल्व्ह बंद करा आणि घरातले सगळे नळ एकेक करून उघडा, गरम आणि थंड दोन्ही. बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ येतं, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका, दोन मिनिटं थांबा. फ्लश दाबून टाकी पुन्हा भरायचा आवाज येतो का ऐका. वॉशिंग मशीनचा नळ आणि वॉटर प्युरिफायरची बारीक नळी विसरू नका. काय थांबलं ते लिहून घ्या, व्हॉल्व्ह उघडा, पुढचा घ्या. शेवटी एखादा नळ असा उरतो जो कुठल्याच व्हॉल्व्हने थांबत नाही. आमच्याकडे बाल्कनीतला तसा निघाला. त्याचा व्हॉल्व्ह फक्त गच्चीवर.

जुने व्हॉल्व्ह मात्र पहिल्यांदा फिरवताना प्लंबर शेजारी असू द्या, आणि दिवसा फिरवा. गोल चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नसेल तर आत क्षार बसून अडकतो. जोर लावला की कधी दांडी मोडते, कधी आतली चकती सुटून पडते आणि वर चाक मात्र मजेत फिरत राहतं. आमच्या मागच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह "बंद" केल्यावरही नळातून पेन्सिलीएवढी धार चालूच होती. तो बदलावा लागला. बदलताना दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो पाव फेऱ्यात बंद होतो, संधिवाताच्या हातांना जमतो, आणि मुख्य म्हणजे लांबून दिसतो: दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, पाइपाला आडवा असेल तर बंद.

दुसरी गोष्ट उंचीची. आमच्याकडे पुढच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह माळ्याच्या खाली, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी होता. ओल्या फरशीवर स्टूल ठेवून ७६ वर्षांच्या माणसाने वर चढणं हा गळतीपेक्षा मोठा धोका आहे. प्लंबरने लाइन तिथून खाली आणून छातीच्या उंचीवर बॉल व्हॉल्व्ह बसवला. पाइप टाइल्सच्या वरून आला, दिसायला वाईट दिसतो, आईने आठवडाभर तोंड वाकडं केलं. पण ते न करता नुसता कागद लावला असता तर त्यात "स्टूलवर चढा" असं लिहावं लागलं असतं.

याच कारणासाठी बेसिनखालचा अँगल कॉक मी कागदात मुद्दाम टाकला नाही. प्लंबर म्हणेल आधी तोच बंद करा, आणि तरुण माणसासाठी ते बरोबरच आहे. पण त्यासाठी तोंडावर पाणी उडत असताना ओल्या फरशीवर वाकायचं आणि अडकलेला कॉक फिरवायचा. सगळ्या बाथरूमचं पाणी गेलं तरी चालेल, उभ्याउभ्या जे बंद करता येतं तेच बंद करू द्या.

आता भाषा. माझ्या पहिल्या कागदात "मेन इनलेट", "पुढील बाथरूम" असे शब्द होते. दुसरा कच्चा कागद मी आईच्या हातात दिला आणि म्हटलं, मी काही बोलणार नाही, तू वाच आणि कर. ती पहिल्याच ओळीला थांबली. "पुढचं म्हणजे कुठलं रे? दारातून आल्यावरचं की गॅलरीकडचं?" आमच्या घरात त्याला कुणी पुढचं बाथरूम म्हणतच नाही, ते "आजीचं बाथरूम" आहे, आजी जाऊन अकरा वर्षं झाली तरी. कागदावर तेच लिहिलं. "घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा" हेही खोडलं आणि त्याऐवजी व्हॉल्व्हपाशीच भिंतीवर लाल रंगाने बाण काढला. प्रत्येक व्हॉल्व्हला लाल फडक्याची चिंधी आणि मोठा आकडा बांधला, कागदावर तोच आकडा. रात्री चष्मा सापडत नाही, म्हणून अक्षरं अशी मोठी की हातभर अंतरावरून बिनचष्म्याचं वाचता यावं. एका पानात मावत नसेल तर मजकूर कमी करा, अक्षर नको.

आमच्या मागच्या बाथरूमबाहेर लावलेला कागद असा आहे:

"बाथरूममध्ये पाणी उडतंय किंवा साचतंय:
आधी चपला घाला.
बाहेरच्या भिंतीवरचं गीझरचं बटण बंद करा. हात ओला असेल तर आधी पुसा.
लाल चिंधीचा ३ नंबर दांडा आडवा करा. तो दाराच्या आत, डाव्या हाताला आहे.
मनात शंभर आकडे मोजा. पाणी कमी झालं? मग बसा आणि मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.
कमी झालं नाही? गरम पाण्याचा ४ नंबर दांडाही आडवा करा.
तरीही थांबलं नाही? वॉचमनला फोन करून एवढंच सांगा: 'गच्चीवरचा पिवळा ३ आणि लाल ३ बंद कर.'
स्वतः गच्चीवर जायचं नाही. स्टूलवर चढायचं नाही. पकड वापरायची नाही."

शंभर आकड्यांची ओळ पाइपातल्या उरलेल्या पाण्यासाठी आहे. ती नव्हती तेव्हा बाबांना वाटलं होतं की दांडा काम करत नाही, आणि ते पुन्हा उघड-बंद करत बसले.

पिवळा ३, लाल ३ म्हणजे गच्चीवरच्या व्हॉल्व्हना आम्ही सोसायटीला विचारून रंगाने घातलेले आकडे, पिवळा थंड पाण्याचा आणि लाल सोलरचा. गच्चीवर एकसारखे दिसणारे दहा-बारा व्हॉल्व्ह असतात आणि वॉचमन बदलत राहतात, त्यामुळे "मागच्या बाथरूमची लाइन" असं सांगून रात्री काही उपयोग होत नाही. तो व्हॉल्व्ह बंद केला की त्या डक्टमधल्या वरच्या-खालच्या सगळ्या फ्लॅटचं पाणी जातं, म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दोन प्रसंगांसाठी वेगळा छोटा कागद मेन स्विचजवळ लावलाय. पाणी बोर्डापर्यंत, इन्व्हर्टरपर्यंत किंवा खाली जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शनपर्यंत पोचलं असेल तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तर तो पाडायचा, येत नसेल तर घराबाहेर पडून वॉचमनला बोलवायचं. इन्व्हर्टरची वीज मेन पाडला तरी घरातल्या काही बोर्डांत चालू राहते, हे बाबांना माहीत नव्हतं. दुसरा प्रसंग म्हणजे छतातून पाणी टपकणं. ते बहुतेक वेळा वरच्या घरातलं असतं, आपले दांडे आडवे करून थांबत नाही. तिथे फक्त वरच्या काकूंचा नंबर लिहिलाय, आणि "टपकणाऱ्या जागेतला दिवा लावू नका".

तुमचे आई-बाबा बंगल्यात असते तर गोष्ट थोडी बदलली असती. तिथे लोक मीटरजवळचा कॉक "मेन" म्हणून दाखवतात, पण तो बंद केल्याने फक्त पालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत यायचं थांबतं. घरात वाहणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं असतं. तेव्हा कागदावर टाकीतून निघणारा व्हॉल्व्ह हवा, आणि तो गच्चीवरच असेल तर लाइन खाली उतरते तिथे हाताच्या उंचीवर आणखी एक बसवून घ्यायचा.

आम्ही पाडवा आणि दिवाळी, असे वर्षातून दोनदा सगळे दांडे आडवे-उभे करतो. मी नाही, आई करते. मी खुर्चीत बसून बघतो. बंद केल्यावर नळाखाली कोरडा मग ठेवायचा आणि पाच मिनिटांनी बघायचं. तळाशी दोन-चार थेंब असले तर ठीक, मगात पाणी साचलं असेल तर त्या व्हॉल्व्हची वेळ भरत आली.

आणि कागदाच्या मागच्या बाजूला, दुरुस्ती झाल्यानंतरसाठी एक ओळ लिहा, मी ती नंतर घातली. दांडा हळूहळू उघडायचा, गरम पाण्याचा नळ सोडून ठेवायचा, तो आधी फुसफुसतो, थुंकतो, मग सलग धार येते. ती धार आल्यावरच गीझरचं बटण लावायचं. पाणी नसलेला गीझर चालू केला की आतली कॉइल जळते. आमची जळली.