सक्तीची क्रमवारी आणि पगारवाढ

प्रश्न: आमच्या टीममध्ये सर्वांनी उद्दिष्टे पूर्ण केली, तरी एकाला सर्वांत खालचे रेटिंग का दिले आणि त्याची पगारवाढ कुठे गेली?

सक्तीच्या क्रमवारीत किती टक्के लोकांना खालचे रेटिंग द्यायचे, हा वाटा कामाच्या मूल्यमापनाआधीच ठरलेला असल्यामुळे ते कुणाला तरी द्यावेच लागते, आणि त्याची वाढ वरच्या रेटिंगवाल्यांकडे वळते. व्यवस्थापक म्हणून रेटिंग जुळवण्याच्या बैठकांत मी हेच पाहिले आहे. समजा, दहा जणांचा पगार प्रत्येकी ५०,००० रुपये आणि वाढीची एकूण तरतूद ८ टक्के, म्हणजे ४०,००० रुपये आहे. तळच्या एकाला शून्य, मधल्या सातांना ४,००० आणि वरच्या दोघांना ६,००० रुपये दिले की तरतूद तंतोतंत संपते, म्हणजेच कंपनीचा एक रुपयाही वाचत नाही. नुकसान मात्र त्या वर्षापुरते राहत नाही, कारण पुढची प्रत्येक टक्केवारी त्याच्या कमी पगारावर मोजली जाते, आणि हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. मायक्रोसॉफ्टने सक्तीच्या क्रमवारीची पद्धत २०१३ मध्ये बंद केली. तथापि, अनेक ठिकाणी हा वाटा टीमला नव्हे, तर संपूर्ण विभागाला लागू असतो. तेव्हा तो कोणत्या गटावर मोजला, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.