पिल्लाच्या छातीत मशीनसारखा आवाज: नळी कधी बंद करायची?

प्रश्न: अडीच महिन्यांच्या पॉमेरेनियन पिल्लाच्या छातीत सतत मशीनसारखा आवाज येतो. डॉक्टर पीडीए म्हणतात. मोठं होईपर्यंत थांबू का?

उत्तर: थांबू नका. पीडीए म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसाकडे जाणारी धमनी जोडणारी गर्भातली नळी जन्मानंतरही उघडी राहणं. एरवी ही नळी जन्मानंतर काही दिवसांतच मिटते. अडीच महिन्यांनी आपोआप मिटेल ही आशा सोडा. महाधमनीतलं रक्त त्यातून फुफ्फुसाकडे वळतं आणि हृदयाची डावी बाजू ताणत जाते. इको करून लगेच, शक्यतो चार महिन्यांच्या आत ती बंद करून घ्या. एवढ्या लहान पिल्लात बहुधा छाती उघडून नळी बांधतात. धाप लागत असेल तर आधी औषधांनी फुफ्फुसातलं पाणी उतरवतात. आवाज अचानक नाहीसा झाला आणि मागच्या भागाची त्वचा निळसर दिसली, तर प्रवाह उलटला असू शकतो. तेव्हा नळी बंद करणं जिवावर बेततं.