मोपाहून पहिलं विमान, आणि पोटात ढवळणं

आंबोली घाटात एसटीची खिडकी धरून बसणारा तू, म्हणून आधीच सांगतो. सीट पंखांवरची घे. विमान तिथे सर्वांत कमी हलतं, शेपटाकडे जास्त. 180 सीटच्या विमानात साधारण 10 ते 20 या रांगा, आणि त्यातही खिडकी. म्हणजे नजर क्षितिजावर ठेवता येते. मोबाईल बघितलास की संपलं: डोळे म्हणतात स्थिर आहोत, कान म्हणतो हलतोय, भांडण पोटात.

माझी चूक ऐक. जुलैत मालवणहून निघताना आग्रहाने सुरमई आणि वडे खाल्ले. मोपापर्यंतच्या वळणांवरच मळमळ सुरू झाली आणि ढगांत शिरताच पिशवी लागली. पुढच्या वेळी उपाशी गेलो, तेही वाईटच. आता दोन तास आधी मऊ भात किंवा इडली खातो, चहा टाळतो.

आलेपाक खिशात ठेव, थोडाफार आधार होतो. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून, घरून निघण्याआधीच घे. ढवळायला लागल्यावर ती फारशी चालत नाही. झोप येते, म्हणून गाडी दुसऱ्याला चालवू दे. तरीही लाळ सुटली, घाम आला, तर वरचा वारा तोंडावर घे, डोकं मागे टेकव आणि डोळे मीट.