चुंबक जवळ आणताना प्रवर्तित धारेची दिशा चुकली, पण दूर नेताना तीच रीत बरोबर कशी आली?

प्रश्न: टेबलावर आडवी ठेवलेली कॉइल आहे. उत्तर ध्रुव खाली धरून चुंबक वरून (अ) कॉइलजवळ आणला, (ब) पुन्हा वर उचलला. वरून पाहिल्यास प्रवर्तित धारा कोणत्या दिशेने वाहील? मी दोन्ही वेळा उजव्या हाताचा अंगठा चुंबकाच्या क्षेत्राच्या दिशेने, म्हणजे खाली धरला आणि बोटं वळतात तशी धारा दाखवली, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. (ब) बरोबर दिलं, (अ) चूक. रीत एकच असताना असं कसं?

उत्तर:

रीत दोन्हीकडे अपुरीच होती. (ब) मध्ये ती योगायोगाने जुळली.

उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम एखादी धारा आणि त्या धारेने स्वतः तयार केलेलं क्षेत्र यांचं नातं सांगतो. तुम्ही अंगठा धरलात चुंबकाच्या क्षेत्राकडे, आणि ते क्षेत्र काही कॉइलमधल्या धारेने तयार केलेलं नाही. त्यामुळे बोटांनी तुम्हाला एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं: चुंबकासारखं खाली जाणारं क्षेत्र कॉइलला स्वतः निर्माण करायचं असेल, तर धारा कशी वाहावी लागेल? पण कॉइलला कोणतं क्षेत्र निर्माण करायचं आहे, हे लेंझच्या नियमावरून, म्हणजे प्रवर्तित धारा फ्लक्समधल्या बदलाला विरोध करते यावरून, आधी ठरवायचं असतं. ती पायरी तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

आता ती पायरी घालून पाहा. (अ) मध्ये कॉइलमधून खाली जाणारा फ्लक्स वाढतोय. कॉइलचा विरोध या वाढीला आहे, म्हणून तिचं स्वतःचं क्षेत्र वरच्या दिशेने हवं. अंगठा वर धरा. बोटं वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळतात, आणि तेच (अ) चं उत्तर. (ब) मध्ये फ्लक्सची दिशा अजूनही खालीच आहे, पण तो कमी होतोय. विरोध या घटीला आहे, म्हणून कॉइल खाली जाणाऱ्या क्षेत्रात भर घालते. अंगठा खाली, धारा काट्यांप्रमाणे. इथे कॉइलचं क्षेत्र आणि चुंबकाचं क्षेत्र एकाच दिशेला आल्यामुळे, चुकीच्या कारणासाठी खाली धरलेला तुमचा अंगठा बरोबर ठिकाणी पडला.

ही चूक सुधारताना बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘कॉइलचं क्षेत्र नेहमी चुंबकाच्या क्षेत्राच्या उलट’ असं पाठ करतात. मग (अ) बरोबर येतं आणि (ब) चुकतं. विरोध फ्लक्सला नसतो, फ्लक्समधल्या बदलाला असतो. चुंबक कॉइलजवळ नुसता धरून ठेवला तर फ्लक्स भरपूर असतो, पण धारा शून्य.

सूत्राच्या भाषेतही तुमची चूक नेमकी दिसते. e = −N ΔΦ/Δt हे सूत्र वापरताना आधी एक धन दिशा निवडावी लागते. अंगठा खाली धरून तुम्ही एवढंच केलंत: खालची दिशा धन, आणि म्हणून कॉइलमध्ये काट्यांची दिशा धन. (अ) मध्ये ΔΦ धन आहे, त्यामुळे e ऋण येतं, म्हणजे काट्यांच्या उलट. (ब) मध्ये ΔΦ ऋण, e धन, म्हणजे काट्यांप्रमाणे. ऋण चिन्ह फक्त किंमत काढताना सोडून दिलं तर चालतं, दिशा काढताना नाही. फॅराडेने 1831 मध्ये प्रवर्तन दाखवलं, आणि दिशेचा हा नियम लेंझने 1834 मध्ये मांडला. सूत्रातलं ऋण चिन्ह म्हणजे लेंझचा तो नियमच.

विरोधच का, साथ का नाही? कॉइल 100 फेऱ्यांची, क्षेत्रफळ 10 चौरस सेंटिमीटर, परिपथाचा एकूण रोध 10 ओहम घ्या. चुंबक 5 सेंटिमीटर खाली आणला, त्यात 0.1 सेकंद गेला आणि कॉइलपाशी क्षेत्र शून्यापासून 0.02 टेस्लापर्यंत एकसारखं वाढलं, असं समजू. एका फेरीतला फ्लक्स 0.00002 वेबरने वाढला. त्याला 100 ने गुणून 0.1 ने भागलं की 20 मिलिव्होल्ट येतात, आणि धारा 2 मिलिअँपिअर. या 0.1 सेकंदात तारेत 4 मायक्रोज्यूल उष्णता तयार झाली. ती आली कुठून? चुंबक ढकलणाऱ्या हाताकडून. काट्यांच्या उलट धारा असताना कॉइलची वरची बाजू उत्तर ध्रुवासारखी वागते आणि खाली येणाऱ्या उत्तर ध्रुवाला दूर लोटते. त्या लोटण्याविरुद्ध 5 सेंटिमीटर जाताना हाताला हेच 4 मायक्रोज्यूल जादा काम करावं लागतं.

तुमची दिशा खरी मानली तर कॉइलची वरची बाजू दक्षिण ध्रुव होते आणि चुंबकाला आत ओढून घेते. तार तापते आणि चुंबकाचा वेगही वाढतो. वेग वाढला की धारा वाढते, ओढ आणखी वाढते. खर्च कुणीच करत नाही आणि ऊर्जा मात्र दोन्हीकडे जमा होते. हे घडू शकत नाही, म्हणून (अ) मध्ये ती दिशा अशक्य ठरते.

हा विरोध किती मोठा असतो याचाही अंदाज असू द्या, कारण ‘विरोध’ म्हटलं की कॉइल चुंबकाचं क्षेत्र पुसून टाकते असा समज होतो. वरच्या कॉइलची त्रिज्या साधारण 1.8 सेंटिमीटर होते. तिच्यातल्या 2 मिलिअँपिअरमुळे मध्यभागी फक्त 7 मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार होतं, चुंबकाच्या 0.02 टेस्लाच्या सुमारे तीन हजारावा भाग. हाताला जाणवणारं सरासरी बल 4 मायक्रोज्यूल भागिले 0.05 मीटर, म्हणजे 80 मायक्रोन्यूटन. एवढं वजन सुमारे 8 मिलिग्रॅमच्या कणाचं असतं. प्रयोगशाळेत चुंबक हलवताना विरोध अजिबात जाणवत नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच तो विद्यार्थ्यांच्या मनात ठसत नाही आणि आकृती काढताना सुटतो. कॉइलची टोकं मोकळी सोडली तर विद्युतगामक बल निर्माण होतं, पण धारा वाहत नाही आणि तेवढाही विरोध उरत नाही.

उत्तर लिहिल्यावर पडताळायची सोपी खूण म्हणजे कॉइलची चुंबकाकडची बाजू कोणता ध्रुव होते ते पाहणं. जवळ येणाऱ्या ध्रुवासमोर तोच ध्रुव, दूर जाणाऱ्या ध्रुवासमोर विरुद्ध. धारा लक्षात ठेवायला इंग्रजी ‘एन’ अक्षर काढा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बाहेर जाणारे बाण द्या. ते काट्यांच्या उलट फिरतात, उत्तर ध्रुवाच्या बाजूने दिसणाऱ्या धारेसारखे. ‘एस’ला तसेच बाण दिले की काट्यांप्रमाणे. मात्र प्रश्नात ‘वरून’ पाहायचं आहे की ‘खालून’, हे आधी वाचा. हीच कॉइल टेबलाखालून पाहिली तर (अ) ची धारा काट्यांप्रमाणे दिसेल. लेंझचा नियम बरोबर लावूनही उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा इथेच.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मध्ये शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर घ्या. आधी 1.5 व्होल्टचा सेल 10 किलोओहमच्या रोधातून जोडून बघा, म्हणजे धारा कोणत्या टोकाने आत गेली की काटा कुठे झुकतो ते कळेल. रोध न लावता सेल जोडू नका, काटा आपटतो आणि आतली कॉइल जळू शकते. मग तुमच्या कॉइलच्या एका टोकापासून तार बोटाने मागे नेत ती वरून पाहताना कुठल्या बाजूला गुंडाळली आहे ते पाहा आणि स्केचपेनने बाण काढा. ही दुसरी नोंद राहिली तर काट्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण तार उलट गुंडाळली असेल तर काटाही उलट झुकतो. दोन्ही नोंदी झाल्या की चुंबक खाली आणा, थांबा, वर उचला. काटा एका बाजूला जाईल, शून्यावर येईल, मग दुसऱ्या बाजूला जाईल. तुमच्या रीतीप्रमाणे तो दोन्ही वेळा एकाच बाजूला जायला हवा होता.

तुमचे (अ) आणि (ब) एकाच वेळी बघायचे असतील तर तांब्याची जाड भिंतीची, साधारण 1 मीटर लांबीची नळी उभी धरा आणि तिच्या पोकळीत जेमतेम मावणारा निओडिमियम चुंबक उत्तर ध्रुव खाली करून आत सोडा. नळी म्हणजे एकावर एक रचलेली तांब्याची कडीच समजा. चुंबकाच्या खालच्या कड्यांत फ्लक्स वाढतोय, तिथे तुमचं (अ): धारा काट्यांच्या उलट, कडी चुंबकाला वर लोटतात. मागे राहिलेल्या वरच्या कड्यांत फ्लक्स घटतोय, तिथे (ब): धारा काट्यांप्रमाणे, कडी चुंबकाला वर ओढतात. दोन्ही बलं वरच्या दिशेने, म्हणून चुंबक कित्येक सेकंद रेंगाळत खाली येतो. तुमच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे दोन्हीकडे धारा काट्यांप्रमाणे धरली, तर खालची कडी त्याला खाली ओढतील, वरची तेवढ्याच जोराने वर ओढतील, आणि चुंबक मोकळ्या दगडासारखा 0.45 सेकंदात खाली पडायला हवा.